फोटोतली उधारीची वही वाचून गिऱ्हाईकवार बाकी कशी काढायची

गेल्या पावसाळ्यात मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुकानातली उधारीची वही माझ्या गळ्यात पडली. दुकान गावाकडे, मी पुण्यात. मामेभावाने वहीचे चौसष्ट फोटो पाठवले आणि खाली एकच ओळ लिहिली, "कोणाकडे किती राहिलेत तेवढं सांग." मला वाटलं, रविवारची एक दुपार पुरेल. तीन रविवार गेले. पहिल्या रविवारचं सगळं काम तर पुसून पुन्हा करावं लागलं, कारण मी १ आणि 9 मध्ये गफलत केली होती आणि ती कुठे कुठे झाली हे शोधायला माझ्याकडे काही खूणच नव्हती.

तुमच्यावरही असं काम आलं असेल तर पुढचे टप्पे याच क्रमाने करा. मी धरून चालतो आहे की वही साधी, किराणा दुकानातली आहे: हाताने लिहिलेली, एका गिऱ्हाइकाला एक-दोन पानं, आणि लिहिणारे हात एकाहून जास्त.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो, कव्हरच्या आतल्या बाजूचासुद्धा. फोन नंबर आणि तातडीच्या नोंदी तिथेच खरडलेल्या असतात.
- वहीत खोचलेले सुटे चिठोरे, त्यांचेही फोटो.
- त्याच महिन्यांतली घाऊक व्यापाऱ्याची बिलं किंवा दुकानातली भावाची पाटी. आकडा अडला की भाव कामाला येतो.
- गिऱ्हाइकांनी यूपीआयने पैसे दिले असतील तर त्या खात्याचं स्टेटमेंट.
- मोठा स्क्रीन, एक स्प्रेडशीट, आणि कच्च्या कामाला कागद-पेन्सिल. मोबाइलवर हे काम करायला जाऊ नका.

१. आधी फोटो नीट मागून घ्या

खराब फोटो वाचायचा प्रयत्न करण्यापेक्षा पुन्हा काढायला सांगणं केव्हाही स्वस्त. फोटो दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता काढायला सांगा. फ्लॅशमुळे बॉलपेनची शाई चमकते आणि नेमका आकड्यावर पांढरा डाग पडतो. पानाचे चारही कोपरे फोटोत दिसले पाहिजेत.

खरी अडचण असते ती वहीच्या शिवणीची. जाड वहीत डाव्या पानाची रकमेची बाजू शिवणीकडे वळते आणि शेवटचा आकडा घडीत जातो. तुम्हाला १६ दिसतं, प्रत्यक्षात ते एकशे साठ-सत्तरच्या मधलं काहीतरी असतं. म्हणून वही दोन्ही बाजूंनी दाबून धरायला एक माणूस आणि फोटो काढायला दुसरा, असं करायला सांगा.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षर फुटतं. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. आणि हो, फॅमिली ग्रुपवर नको. कोणाच्या घरी किती उधारी आहे हे आत्याच्या सुनेला कळायची गरज नाही.

आलेल्या फायलींना पानाचा क्रमांक द्या. वहीवर क्रमांक छापलेले नसतील तर फोटो काढण्याआधी पेन्सिलने कोपऱ्यात घालून घ्या. मूळ वहीत एवढंच लिहायचं. बाकी टिक, गोल, दुरुस्ती काहीही नाही, कारण उद्या वाद झाला तर लोक तीच वही बघायला मागणार आहेत.

२. रक्कम वाचण्याआधी हात ओळखा

हा टप्पा मी गाळला होता, म्हणून माझा पहिला रविवार वाया गेला.

मामा देवनागरी आकडे लिहितो. दुपारी दुकानात बसणारा मामेभाऊ इंग्रजी आकडे लिहितो. एकाच पानावर, एकाखाली एक. मामाचा १ म्हणजे वर गोल आणि खाली शेपूट, तो हुबेहूब मामेभावाच्या 9 सारखा दिसतो. तसाच मामाचा ४ घाईत वरून मिटला की मामेभावाच्या 8 सारखा दिसतो. मामाचा ५ आणि मामेभावाचा वरून उघडा 4 हे तर सख्खे भाऊ. त्यामुळे आकड्याकडे बघून प्रश्न सुटत नाही. आधी ही ओळ कोणी लिहिली आहे हे ठरवावं लागतं.

ते ठरवायला तारीख बघा. तारखा क्रमाने येतात, म्हणून त्या न अडखळता वाचता येतात. ८ नंतर जो येतो तो ९ च, १० च्या सुरुवातीला जो आहे तो १ च. अशा खात्रीच्या जागांवरून प्रत्येक हाताचे शून्य ते नऊ आकडे कापून एका कागदावर ओळीने चिकटवा. मी स्क्रीनशॉट कापून दोन ओळी केल्या, एक मामाची, एक भावाची. हा तक्ता शेवटपर्यंत समोर ठेवायचा. शाईचा रंग, अक्षराचा कल, 'किरकोळ' हा शब्द कसा लिहिला आहे, यावरून ओळ कोणाची हे बहुतेक वेळा कळतं.

आकड्यांशिवाय आणखी तीन खुणा ठाऊक हव्यात.

पहिली म्हणजे दंड. जुने दुकानदार वजन लिहिताना पावसाठी ।, अर्ध्यासाठी ॥ आणि पाऊणसाठी ॥। लिहितात. 'साखर १॥' म्हणजे दीड किलो. मी ते एकशे अकरा वाचलं आणि रक्कम समजून शीटमध्ये टाकलं! (दशमान नाणी १९५७ साली आली. त्याआधीच्या वह्यांत हेच दंड पैशांतही दिसतात, तिथे । म्हणजे चार आणे.)

दुसरी खूण रकमेनंतरची तिरकी रेघ. '45/-' मधली रेघ सरळ उभी पडली आणि आडवी पुसट झाली की तेच 451 दिसतं.

तिसरी खूण 'ह.' ही आहे. 'ह. मुलगा' म्हणजे माल मुलाच्या हस्ते गेला. ह. च्या पुढचं नाव गिऱ्हाइकाचं नसतं, माल नेणाऱ्याचं असतं. ते वेगळं खातं समजून उघडलंत तर बापाची बाकी कमी निघेल आणि मुलाच्या नावावर भलतीच उधारी दिसेल.

३. कोणती रक्कम कुठल्या बाजूची, हे विचारून घ्या

एक फोन करा आणि दुकान चालवणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा. अंदाजाने ठरवू नका, कारण प्रत्येक दुकानाची पद्धत निराळी असते.

एक, जमा कुठे लिहिता? जुन्या देशी पद्धतीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असतं. कॉलेजात शिकवतात त्या पद्धतीत गिऱ्हाइकाच्या खात्यावर डावीकडे त्याच्याकडून येणं आणि उजवीकडे त्याने दिलेलं. कॉमर्स झालेला भाचा इथेच फसतो. मामाच्या वहीत तर एकच रकाना निघाला, आणि जमा झालेल्या रकमेला त्याने नुसता गोल केला होता.

दोन, एका ओळीवर काट मारली म्हणजे काय? चुकीची नोंद खोडली की पैसे आले? तीन, पूर्ण पानावर तिरकी रेघ म्हणजे खातं चुकतं झालं का? चार, टिक म्हणजे पैसे मिळाले की फक्त आठवण करून दिली? आमच्याकडे टिक म्हणजे 'सांगितलंय' असं निघालं. मी टिक केलेल्या सगळ्या ओळी वजा करून बसलो होतो.

४. शीट मांडा आणि शंकेला जागा ठेवा

शीटमध्ये वहीची एक ओळ म्हणजे एक ओळ. बेरजा करून, दोन नोंदी जोडून टाकायच्या नाहीत. रकाने असे:

A पान, B ओळ, C तारीख, D वहीतलं नाव, E पक्कं नाव, F प्रकार, G किमान, H कमाल, I शंका.

D मध्ये वहीत आहे तसंच लिहायचं: 'रिक्षा', 'रिक्षावाले', 'रि. भाऊ'. हे तिघे एकच आहेत हे कळल्यावर E मध्ये एकच नाव द्यायचं. D कधी बदलू नका. पुढे कळलं की 'रि. भाऊ' हा वेगळाच माणूस होता, तर परत फिरायला वाट राहते. E साठी ड्रॉपडाउन करा, नाहीतर 'रिक्षा' आणि 'रिक्शा' अशी दोन खाती होतात.

F मध्ये तीनच शब्द: उधारी, जमा, पुढे. 'पुढे' म्हणजे मागच्या पानावरून आणलेली बाकी. ही ओळ बेरजेत धरायची नाही, कारण तिच्यातल्या उधाऱ्या मागच्या पानावर तुम्ही आधीच लिहिलेल्या आहेत. अपवाद एकच: जुन्या वहीतून या वहीत आलेली पहिली बाकी. ती 'उधारी' म्हणून एकदा घ्यायची. बाकी फुगण्याचं सगळ्यात मोठं कारण ही 'मागील बाकी' दोनदा धरणं हेच असतं.

आता G आणि H. आकडा स्पष्ट असेल तर दोन्हीकडे तोच. शंका असेल तर जे लहान वाचता येतं ते G मध्ये, जे मोठं वाचता येतं ते H मध्ये, आणि I मध्ये दोन शब्दांत कारण: 'शिवण', '१ की 9', 'गिरवलेला', 'डाग'. मनाला पटेल तो आकडा टाकून पुढे जायचा मोह होतो. तसं केलंत की तो आकडा बाकीच्या खात्रीच्या आकड्यांत मिसळून जातो आणि पुन्हा सापडत नाही.

रकमा इंग्रजी अंकांत टाइप करा. देवनागरी अंकांत टाकलेल्या रकमा माझ्या शीटने मजकूर समजून बेरजेतून गाळल्या. ओळखायची खूण म्हणजे मजकूर रकान्यात डावीकडे चिकटतो, आकडा उजवीकडे.

एका गिऱ्हाइकाची कमीत कमी बाकी:

```
=SUMIFS(G:G,E:E,"रिक्षा",F:F,"उधारी")-SUMIFS(H:H,E:E,"रिक्षा",F:F,"जमा")
```

जास्तीत जास्त बाकी:

```
=SUMIFS(H:H,E:E,"रिक्षा",F:F,"उधारी")-SUMIFS(G:G,E:E,"रिक्षा",F:F,"जमा")
```

जमेच्या बाबतीत G आणि H उलटे घेतले आहेत, ती चूक नाही. गिऱ्हाइकाने जास्त दिले असतील तर त्याची बाकी कमी होते.

५. एक पान पूर्ण सोडवून बघू

रिक्षावाल्याचं पान ३७. या वहीतलं त्याचं हे पहिलंच पान. मी वाचलं ते असं:

- जुन्या वहीतली बाकी ६४०
- ता. ३, साखर १॥, तेल १ पिशवी: १९६
- ता. ६, किरकोळ, ह. मुलगा: ४५
- ता. ९, किरकोळ: १५ की ९५?
- ता. १२, जमा: ५००
- ता. १४, तूरडाळ १: १६ आणि पुढचा आकडा शिवणीत
- ता. १८, तांदूळ ५: २४० की २८०?
- खाली मामाच्या हातची बाकी: ८८०

३ तारखेचा आकडा पहिल्या नजरेला 996 वाटला होता. पण साखर तेव्हा ४४ रुपये किलो होती, दीड किलोचे ६६. तेलाची पिशवी १३०. झाले १९६. दीड किलो साखर आणि एक पिशवी तेल हजाराच्या घरात जाणार नाही हे भाव न बघताही कळायला हवं होतं.

उरल्या तीन शंका. तिन्ही खालच्या टोकाने धरल्या तर बाकी ७९६ येते, तिन्ही वरच्या टोकाने धरल्या तर ९२५. एवढा फरक घेऊन गिऱ्हाइकाकडे जाता येत नाही.

इथे मोह असा होतो की खाली ८८० लिहिलंच आहे, तर ते जमेपर्यंत आकडे फिरवत बसावं. नको. एका बेरजेवरून एकच अडलेला आकडा काढावा. दोन-तीन अडलेले असतील तर भलत्याच जोडीनेही बेरीज जुळू शकते. म्हणून आधी बाहेरच्या पुराव्याने शंका कमी करायच्या.

शिवणीतला आकडा: भावाकडून वही दाबून पुन्हा फोटो मागवला. १६४ निघाले.

तांदूळ: त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन पानांवर हाच तांदूळ ४८ रुपयांनी गेला आहे. पाच किलोचे २४०. २८० व्हायला भाव ५६ हवा, तो कुठेच नाही. म्हणजे तो मामाचा वरून मिटलेला ४ होता.

आता एकच शंका उरली, १५ की ९५. किरकोळ लिहिलेलं असल्यामुळे भाव इथे मदत करत नाही. पण आता बेरीज वापरता येते. १५ धरले तर ६४० + १९६ + ४५ + १५ − ५०० + १६४ + २४० म्हणजे ८००. ९५ धरले तर ८८०. मामाचा आकडा ८८०, म्हणून ९५. ओळ भावाने लिहिली होती आणि ते इंग्रजी 95 होतं. मग तक्त्याशी ताडून बघितलं, त्याचा 9 तसाच होता.

I रकान्यातली शंका पुसू नका. तिच्यापुढे '८८० वरून' असं लिहा. म्हणजे हा आकडा वाचलेला नाही, काढलेला आहे, हे दिसत राहतं.

६. बेरीज जुळत नसेल तर फरकाकडे बघा

तुमची बेरीज आणि वहीतली बेरीज यांतला फरक बरंच काही सांगतो. फरक ८, ८० किंवा ८०० असेल तर कुठेतरी १ आणि 9 ची अदलाबदल आहे. ४, ४० किंवा ४०० असेल तर ४ आणि 8. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन आकडे उलटे टाइप झाले असावेत, जसं ७४ चे ४७ (फरक २७), किंवा एखादं शून्य कमी-जास्त पडलं असावं, ५० चे ५०० (फरक ४५०). फरक एखाद्या नोंदीएवढाच असेल तर ती ओळ सुटली आहे. त्या नोंदीच्या दुप्पट असेल तर जमा उधारीत गेली आहे.

फरक नेमका १०० असेल तर आधी दुकानदाराची बेरीज तपासा. हातचा विसरण्याची चूक वहीतही होते. मामाच्या वहीत अशी चार पानं निघाली, त्यांतल्या तीन ठिकाणी नुकसान मामाचंच होतं. तिथे नोंदींचे आकडे बदलायचे नाहीत. नोंदी आहेत तशा ठेवून शेजारी 'वहीतली बेरीज १०० ने कमी' एवढंच टिपायचं.

७. उरलेल्या शंका घेऊन कोणाकडे जायचं

सगळं करूनही काही आकडे अडतातच. माझ्या एकतीस शंकांपैकी नऊ शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. त्यांची यादी करा: पान, ओळ, दोन्ही वाचनं, आणि आकड्याचा कापलेला फोटो. ती दुकान चालवणाऱ्याला दाखवताना आधी "हे ९५ आहे का?" असं विचारू नका, माणूस हो म्हणून मोकळा होतो. नुसता फोटो दाखवा आणि "हे किती?" विचारा.

मग गिऱ्हाईक. बरेच जण घरी स्वतःची छोटी वही ठेवतात. "काकू, आमच्याकडे ता. ९ ची नोंद नीट लागत नाहीये, तुमच्याकडे काय टिपलंय?" असं विचारलं की लोक वही काढून दाखवतात. "तुमच्याकडे ८८० निघतात" असं दारात उभं राहून सांगितलं तर तेच लोक दुसऱ्या दुकानात जायला लागतात. शंका मिटत नसेल तर किमान बाकीच मागायची, असं मामाने ठरवलं. मलाही ते बरोबर वाटतं. गिरवलेल्या आकड्यावरून माणसाशी भांडायला आपण उभे राहू शकत नाही. कायदाही नुसत्या वहीतल्या नोंदीवर कोणाला देणेकरी ठरवत नाही, सोबत दुसरा पुरावा लागतो. आणि विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते, म्हणून जुन्या नोंदींच्या तारखा शीटमध्ये नीट भरलेल्या असाव्यात.

शेवटची यादी देताना प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तीन गोष्टी द्या: किमान बाकी, कमाल बाकी, आणि शंकेची पानं. दोन्ही बाक्या सारख्या असतील ते खातं पक्कं. आमच्या बावन्न खात्यांपैकी पंचेचाळीस पक्की निघाली. उरलेल्या सातांची यादी मामाने चष्मा लावून स्वतः वाचली, दोन नावांपुढे 'सोडून दे' म्हणाला, आणि पाच जणांकडे भावाला पाठवलं.